नव्या मुलाची वाचनपातळी अर्ध्या तासात: मराठी क्लोज उतारा कसा बनवायचा आणि कसा तपासायचा

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेत एकाच दिवशी दोन मुलं नवीन आली, दोघंही पाचवीतली. मुलगा मराठी शाळेतला, धडाधड वाचणारा. मुलगी अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. वडिलांना एमआयडीसीत काम लागलं म्हणून घर इकडे आलं. ती मराठी वाचायची, पण अडखळत, प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबत. दोघांना मी चौथीच्या पातळीचा तोच एक गाळलेल्या शब्दांचा उतारा दिला. ३० जागांपैकी मुलीच्या ९ बरोबर आल्या, मुलाच्या ७. आकडे जवळजवळ सारखेच. तरी मी मुलीला चौथीच्या पुस्तकांच्या गटात बसवलं आणि मुलाला एक पायरी खाली. असं का केलं ते सांगायचं तर उतारा कापण्यापासून सुरुवात करावी लागेल.

या पद्धतीला क्लोज म्हणतात. विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने १९५३ मध्ये ती मांडली. त्याला मुलांची परीक्षा घ्यायची नव्हती. एखादा मजकूर वाचायला किती अवघड आहे ते त्याला मोजायचं होतं. मजकुरातला दर अमुकावा शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्यांना तो किती वेळा भरता येतो ते पाहायचं. अर्धवट आकृती दिसली की डोळा ती आपोआप पुरी करतो, त्या ‘क्लोजर’वरून हे नाव आलं. पुढे शिक्षकांनी पद्धत उलटी वापरायला घेतली. मजकूर किती अवघड आहे हे आधीच ठाऊक असेल, तर किती जागा भरल्या यावरून वाचणाऱ्याची पातळी कळते.

आपल्याकडच्या ‘रिकाम्या जागा भरा’शी याची गल्लत करू नका. तिथे प्रश्न काढणारा मुद्दाम महत्त्वाचा शब्द गाळतो आणि धडा पाठ आहे का ते बघतो. इथे शब्द आपण निवडायचाच नाही, मोजणी जिथे पडेल तो शब्द गाळायचा. कधी ‘पण’ जाईल, कधी ‘विहीर’, कधी क्रियापद. वाचताना मूल जे जे वापरतं, म्हणजे व्याकरण, अर्थ, मागचा संदर्भ, त्या सगळ्याचा थोडा थोडा नमुना असा हातात येतो.

उताऱ्याआधी दोन मिनिटं

ज्या मुलाला चार सोपी वाक्यं सलग वाचता येत नाहीत त्याच्यापुढे क्लोज ठेवू नका. कागद कोरा येईल, आपल्याला काही कळणार नाही आणि पहिल्याच दिवशी पोर हिरमुसून घरी जाईल. ‘असर’च्या पाहणीत मुलांना अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. त्याच धर्तीवर मी एक छोटा परिच्छेद मोठ्याने वाचून घेते. तो पार पडला तरच क्लोज. नाही पडला तर पातळी कळलीच, अक्षरं आणि शब्दांपासून सुरू करायचं.

उतारा निवडताना

मी साधारण २३० शब्दांचा उतारा घेते. पहिलं आणि शेवटचं वाक्य अखंड ठेवते आणि मधल्या २१० शब्दांत दर सातवा शब्द गाळते, म्हणजे बरोबर ३० जागा होतात. इंग्रजीतली रूढ रीत २५० शब्द, दर पाचवा शब्द आणि ५० जागा अशी आहे. मराठीत लहान मुलांना ती फार जड जाते, त्याचं कारण पुढे येईलच.

उतारा मुलाने आधी वाचलेला नसावा. हे मी एका जुन्या फजितीतून शिकले. आळस करून मी पाठ्यपुस्तकातलाच एक धडा कापला. एका मुलाने ३० पैकी २८ जागा भरल्या आणि मी खूश. आठवड्याने कळलं, की त्याची मोठी बहीण तो धडा रोज मोठ्याने पाठ करायची. तेव्हापासून मी उतारे स्वतः लिहिते. आधी त्या इयत्तेच्या पुस्तकातले दोन-तीन धडे वाचते, वाक्यं किती लांब आहेत आणि शब्द कसे आहेत ते बघते आणि त्याच ठेक्यात एक गोष्ट लिहिते. असे तीन उतारे तयार असले की पुरतात: दुसरीचा, चौथीचा आणि सहावीचा.

विषय कुणाच्याच घरचा नको. मागावरच्या कामाचा उतारा दिला तर ज्याचे वडील कारखान्यात आहेत तो ‘धोटा’ डोळे मिटून भरेल आणि शेतकऱ्याचं हुशार पोर तिथेच अडेल. ते वाचन नव्हे, ती घरची माहिती झाली. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेवरचा उतारासुद्धा मी याच कारणाने बाद केला. अक्कलकोटहून आलेल्या मुलीने गड्डा पाहिलेला असेलच असं नाही. कविता, संवादांनी भरलेले प्रसंग आणि नावांची गर्दी असलेले उतारेही टाळा.

कापणी, एका तुकड्यावर करून

चौथीसाठी मी लिहिलेल्या उताऱ्याची सुरुवात अशी आहे:

> आजीच्या घरामागे एक जुनी विहीर होती. उन्हाळ्यात गावातले सगळे नळ कोरडे पडायचे, पण या विहिरीला पाणी असायचे. सकाळी उजाडायच्या आधीच बायका घागरी घेऊन तिथे रांग लावायच्या. आजी कोणालाही नाही म्हणत नसे. फक्त एकच अट होती, विहिरीच्या काठावर कपडे धुवायचे नाहीत. एकदा शेजारच्या रघूने गंमत म्हणून विहिरीत दगड टाकला. आजी त्याच्यावर ओरडली नाही. तिने त्याला दोर दिला आणि दहा घागरी पाणी ओढायला लावले.

पहिलं वाक्य तसंच ठेवायचं. ‘उन्हाळ्यात’पासून एक मोजायला लागायचं, की सातवा शब्द ‘पण’. तो गाळला की ‘या’पासून पुन्हा एक. मुलाच्या हातात जातो तो कागद असा दिसतो:

> आजीच्या घरामागे एक जुनी विहीर होती. उन्हाळ्यात गावातले सगळे नळ कोरडे पडायचे, (१) ________ या विहिरीला पाणी असायचे. सकाळी उजाडायच्या (२) ________ बायका घागरी घेऊन तिथे रांग लावायच्या. (३) ________ कोणालाही नाही म्हणत नसे. फक्त एकच (४) ________ होती, विहिरीच्या काठावर कपडे धुवायचे नाहीत. (५) ________ शेजारच्या रघूने गंमत म्हणून विहिरीत दगड (६) ________. आजी त्याच्यावर ओरडली नाही. तिने त्याला (७) ________ दिला आणि दहा घागरी पाणी ओढायला (८) ________.

सगळ्या रेघा एकाच लांबीच्या हव्यात. हाताने लिहिताना लहान शब्दाला नकळत लहान रेघ ओढली जाते आणि मुलं ते बरोबर हेरतात. कागदावर जे सुटं दिसतं तो एक शब्द, हा मोजणीचा साधा नियम. ‘पाणी ओढायला लावले’ हे तीन शब्द, जोडरेघेने जोडलेला शब्द एकच. विरामचिन्हं काढायची नाहीत, ती रेघेनंतर तशीच राहतात.

मोजणीचा आरंभ बदलला की त्याच उताऱ्यातून दुसरा कागद निघतो. गाळायची पहिली जागा नववा शब्द धरली तर पुढे ‘विहिरीला’, ‘घागरी’, ‘नाही’, ‘विहिरीच्या’, ‘रघूने’, ‘त्याच्यावर’, ‘आणि’ हे शब्द जातात. यात ‘रघूने’ही गेला. ते नाव उताऱ्यात पहिल्यांदाच येतंय, ते जगात कुणालाच भरता येणार नाही. पहिल्यांदा येणारं विशेषनाम किंवा आकडा मोजणीत आला तर मी तेवढ्यापुरता त्याच्या पुढचा शब्द गाळते. एवढी एक सवलत. त्यापलीकडे ‘हा शब्द सोपा आहे, तो गाळू’ असं सुरू केलं की क्लोज संपलं आणि नेहमीची रिकाम्या जागांची परीक्षा सुरू झाली. हा दुसरा कागद फेकून देऊ नका, ऑगस्टमध्ये लागणार आहे.

मुलासमोर

असा कागद मुलांनी पूर्वी पाहिलेला नसतो. म्हणून आधी तीन वाक्यांचा सराव फळ्यावर एकत्र करायचा. त्याचे गुण नाहीत. मग चार गोष्टी सांगायच्या: आधी जागा सोडून अख्खा उतारा एकदा वाच, मग भरायला घे. एका रेघेवर एकच शब्द. अडलास तर पुढे जा, नंतर परत ये. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चालेल.

पहिली सूचना मुलं हमखास विसरतात. वरच्या तुकड्यात ‘तिने त्याला ______ दिला’ इथे काय दिलं असेल ते पुढचं ‘पाणी ओढायला’ वाचल्याशिवाय कळत नाही. जो पुढे न बघता भरत जातो तो इथे पडतो. त्यामुळे पहिली दोन मिनिटं मी पेन्सिल देतच नाही.

“बाई, इथं दोन शब्द बसतंय की,” असं कुणीतरी म्हणतंच. जो जास्त बरा वाटतो तो लिही, एवढंच सांगायचं. शब्द सुचवायचा नाही, मान डोलवायची नाही. वेळेची घाई नसते, पण पंचवीस मिनिटांत बहुतेकांचं होतं आणि त्यानंतर बसवून ठेवून फारसं काही वाढत नाही. हात लिहायला फार जड असेल तर मुलाने तोंडी सांगावं, आपण लिहून घ्यावं. तपासायचं आहे ते वाचन.

तपासणी: दोन रकाने

रूढ नियम कडक आहे: मूळ शब्द जसाच्या तसा आला तरच गुण. शुद्धलेखनाची चूक माफ, पण दुसरा शब्द कितीही चपखल असो, गुण नाही. पहिल्यांदा ऐकलं की हे अन्यायाचं वाटतं. त्यामागचा हिशोब असा, की कोणता पर्यायी शब्द चालवायचा हे ठरवायला बसलं की दोन शिक्षकांचे गुण जुळत नाहीत. पातळीच्या रेघाही याच कडक मोजणीवर आखलेल्या आहेत. गुण कमीच पडणार, हे रेघा आखतानाच धरलेलं आहे. म्हणून क्लोजमध्ये निम्मे गुण ही नापासाची खूण नसते. पालक कागद मागतात तेव्हा हे त्यांना आधी सांगा, नाहीतर ‘तीसपैकी बाराच?’ म्हणून पोराला घरी बोलणी बसतात.

मराठीत मात्र हा कडक नियम एकटा पुरत नाही. इंग्रजीत दर पाचवा शब्द गाळला की त्यात सुटी, छोटी, सहज सुचणारी अव्ययं पुष्कळ पडतात. आपल्याकडे ती कामं प्रत्यय करतात आणि प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो. ‘विहिरीला’ गाळलं की मुलाला विहीर आठवायला हवी, तिचं सामान्यरूप व्हायला हवं आणि ‘ला’ लागायला हवा, तिन्ही एकाच रेघेवर. समजा मुलाने लिहिलं, ‘पण या विहिरीत पाणी असायचे.’ मराठी निर्दोष, अर्थ तोच, कडक नियमाने शून्य. दर पाचवा शब्द मुलांना जड जातो तो याचमुळे.

म्हणून मी प्रत्येक कागदाला दोन रकाने करते. पहिल्यात फक्त मूळ शब्द, त्याचाच आकडा पातळी ठरवायला. दुसऱ्यात उरलेल्या जागांवर खुणा करते: गोष्टीत चपखल बसणाऱ्या दुसऱ्या शब्दाला ‘अ’, शब्द योग्य पण लिंग, वचन किंवा प्रत्यय चुकलेला असेल तर ‘रू’, तेवढ्या वाक्यात बसतो पण गोष्टीत बसत नाही त्याला ‘वा’, आणि कोऱ्या किंवा निरर्थक जागेला फुली. दुसऱ्या रकान्याची बेरीज पहिल्यात कधीच मिळवायची नाही. तो वाचायचा असतो.

आता त्या दोघांचे कागद. मुलीची पहिल्या आठ जागांवरची उत्तरं अशी: ‘पण’, ‘आधी’, ‘आजी’, ‘गोष्ट’, ‘एकदिवस’, ‘टाकली’, कोरी जागा, ‘सांगितले’. मूळ शब्दाशी जुळले दोनच, ‘पण’ आणि ‘आजी’. पण बाकीचं बघा. ‘आधीच’मधला ‘च’ राहिला. ‘अट’ शब्द तिला माहीत नसावा, तिने ‘एकच गोष्ट होती’ म्हणून वेळ निभावली आणि छान निभावली. ‘एकदा’ऐवजी ‘एकदिवस’, जोडून लिहिलेलं. ‘ओढायला सांगितले’ यात तर मोठ्या माणसालाही खोट काढता येणार नाही. आणि ‘दगड टाकली’. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं, सगळं नपुंसकात जातं. तेलुगूतही निर्जीव वस्तूंचं असंच. दगड पुल्लिंगी आणि वीट स्त्रीलिंगी का, हे तिला कोण सांगणार? दगडाचं काय झालं ते तिला पक्कं कळलंय, क्रियापदाचं शेपूट तेवढं चुकलंय. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या कागदांवर हा ‘रू’ मला सारखा भेटतो आणि मी तो वाचनाच्या खात्यात घालत नाही.

मुलाची उत्तरं अशी: ‘आणि’, ‘वेळी’, ‘बायका’, ‘आजी’, ‘म्हणून’, ‘टाकला’, ‘मार’, ‘लागले’. जुळला एकच, ‘टाकला’. ‘उजाडायच्या वेळी’ अर्थाने चालतं. ‘नळ कोरडे पडायचे, आणि या विहिरीला पाणी असायचे’ हे ऐकायला ठीक वाटतं, पण वाक्याचा सांधाच ‘पण’मध्ये आहे आणि तो त्याला जाणवला नाही. ‘फक्त एकच आजी होती’ हे वाक्य म्हणून निर्दोष आहे, पण पुढची कपडे धुण्याची गोष्ट मग लोंबकळत राहते. ‘तिने त्याला मार दिला’ तर त्याच्या आधीच्या वाक्याशीच भांडतं, ‘ओरडली नाही’ आणि मार दिला! आणि ‘बायका कोणालाही नाही म्हणत नसे’ हे मराठी बोलणाऱ्या घरातलं पोर एरवी कधी म्हणणार नाही. तो रेघेच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन शब्द बघून भरत होता. मोठ्याने वाचताना तो धडाधड पुढे जातो त्याचंही गुपित इथेच आहे, तो थांबतच नाही.

पूर्ण कागदाचा हिशोब असा निघाला. मुलीचे मूळ शब्द ९, ‘अ’ ८, ‘रू’ ५, उरलेल्या ८ जागा कोऱ्या किंवा चुकीच्या. मुलाचे मूळ शब्द ७, ‘अ’ ३, ‘रू’ १, ‘वा’ १२, फुल्या ७.

रेघ कुठे ओढायची

इंग्रजीतले आकडे ठाऊक असावेत. जॉन बोरमुथने १९६८ मध्ये क्लोजचे गुण आकलनाच्या प्रश्नांच्या गुणांशी ताडून पाहिले. त्याला प्रश्नांतले ७५ टक्के हे क्लोजच्या ४४ टक्क्यांशी आणि ९० टक्के हे ५७ टक्क्यांशी जुळलेले दिसले. पुढच्याच वर्षी रँकिन आणि कलहेन यांनी पुन्हा मोजलं तेव्हा ४१ आणि ६१ आले. त्यावरून ढोबळ नियम रूढ झाला: ६०च्या वर असेल तर मूल तो मजकूर एकट्याने वाचू शकतं, ४० ते ६० असेल तर शिक्षकाच्या मदतीने शिकायला तो योग्य, ४०च्या खाली असेल तर मजकूर डोक्यावरून जातोय.

हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. ते इंग्रजीचे आहेत, दर पाचव्या शब्दाचे आहेत, आणि आपण भाषाही बदलली आणि कापणीही. आपल्या रेघा आपणच ओढायच्या, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. वर्षभर ओळखीची झालेली दहा-बारा मुलं घ्या. उतारा देण्याआधीच त्यांची नावं तीन गटांत लिहून ठेवा: या पातळीचं पुस्तक एकट्याने वाचणारी, मदतीने वाचणारी, न झेपणारी. आधीच लिहायची, कारण गुण दिसले की आपलं मत त्यांच्याकडे झुकतं. मग उतारा द्या, तपासा आणि तिन्ही गटांचे गुण एका ओळीत मांडा. गट जिथे एकमेकांपासून सुटे होतात तिथे रेघ. विहिरीच्या या उताऱ्यासाठी माझ्या रेघा ९ आणि १५ वर पडल्या: ९ पेक्षा कमी असेल तर झेपत नाही, १५ किंवा जास्त असेल तर एकटं वाचेल. हे आकडे फक्त या उताऱ्याचे आणि आमच्याकडच्या मुलांचे. दुसरा उतारा लिहिला की रेघा पुन्हा ओढायच्या.

आणि रेघ म्हणजे भिंत नव्हे. फक्त ३० जागा असल्या की योगायोगाने दोन-तीन जागा इकडच्या तिकडे सहज होतात. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन गुणांपर्यंत मी आकड्याचं ऐकत नाही. ५ गुण असतील तर निकाल स्पष्ट, १२ असतील तरी स्पष्ट. पण मुलीचे ९ आणि मुलाचे ७ दोन्ही त्या धूसर पट्ट्यात बसतात. अशा वेळी दुसरा रकाना बोलतो. मुलीच्या २१ चुकलेल्या जागांपैकी १३ ‘अ’ किंवा ‘रू’ आहेत, म्हणजे गोष्ट तिला कळली. मराठी शब्द आणि त्यांची रूपं अजून हातात नाहीत. तिला खालचं पुस्तक देऊन उपयोग नव्हता, चौथीच्याच पुस्तकासोबत लिंग-वचनाचं तोंडी काम वाढवायचं होतं. मुलाच्या २३ पैकी १२ ‘वा’. त्याला वाक्यांचा सांधा धरता येईल अशा सोप्या मजकुरापासून सुरुवात हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुसरीचा उतारा दिला. त्यात तो ‘एकट्याने वाचेल’ या रेघेच्या बराच वर गेला. मग त्याला तिसरीच्या पुस्तकांत बसवलं. निकाल एका उताऱ्यावर लटकत असेल तर असा वरचा किंवा खालचा उतारा द्यायचाच, पण त्याच दिवशी नाही. दुसऱ्या कागदापर्यंत मूल दमलेलं असतं.

हे काय सांगत नाही

क्लोजची मोठी मर्यादा अशी, की बहुतेक जागा त्याच वाक्याच्या आधाराने भरता येतात. शानाहन, कमिल आणि टोबिन यांनी १९८२ मध्ये उताऱ्यातल्या वाक्यांचा क्रमच उलटसुलट करून पाहिला आणि गुणांत म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे अख्ख्या गोष्टीचा धागा धरला का, हे निव्वळ आकडा सांगत नाही. आमच्या तुकड्यातही मागच्या-पुढच्या वाक्यावाचून अडेल अशा जागा दोनच: ‘आजी’ आणि थोडीफार ‘एकदा’. म्हणून कागद घेतल्यावर मी दोन प्रश्न तोंडी विचारते. आजीने रघूला शिक्षा केली की नाही? मग पाणी का ओढायला लावलं? मुलगी म्हणाली, “शिक्षाच की. पण पाणी किती कष्टाचं असतंय ते त्याला कळायला.” मुलगा म्हणाला, “मारलं.” त्याने स्वतः भरलेला शब्दच त्याला गोष्ट म्हणून आठवत होता.

ज्या मुलाची बोलीच वेगळी आहे, किंवा घरी दखनी बोलून शाळेत मराठी वाचणारं जे पोर आहे, त्याच्या कागदावर ‘रू’ जास्त येणार हे आधीच धरून चालायचं. आणि या चाचणीवरून एखाद्या मुलाला वाचनातली अक्षमता आहे असा शिक्का तर मुळीच मारायचा नाही. तेवढं तिचं काम नाही. शाळेच्या पहिल्या आठवड्यात हातात कोणतं पुस्तक द्यायचं, एवढाच प्रश्न ती सोडवते.

नऊएक आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्यावर, मी तोच उतारा दुसऱ्या कापणीचा पुन्हा देते. गोष्ट ओळखीची असते म्हणून गुण थोडे फुगतात. शिवाय विभक्तीच्या जागा जास्त पडल्याने ही कापणी अवघडही आहे. त्यामुळे जूनच्या आकड्याशी तुलना करत नाही, फक्त दुसरा रकाना बघते. मुलीच्या त्या कागदावर ‘रू’ दोनच राहिले होते. मुलाच्या कागदावर ‘वा’ ५ होते, आणि सरावाचा कागद देताना त्याने पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, “बाई, आधी पूर्ण वाचू का?”